वरचा आकडा आणि खालच्या मागण्या यांचा मेळ कसा घालायचा?

प्रश्न

मी एका शिक्षणसंस्थेत लेखाधिकारी आहे. तीन वर्षांपूर्वी आम्ही सगळ्या विभागांकडून मागण्या मागवल्या. बेरीज अपेक्षित उत्पन्नाच्या दीडपट झाली आणि शेवटी संचालकांनी एका संध्याकाळी बसून सरसकट कात्री लावली. गेल्या वर्षी उलट केलं, सगळ्यांना ५ टक्के वाढ देऊन मोकळे झालो. तर इमारत विभागाचे पैसे आठव्या महिन्यातच संपले आणि अध्यापन विभाग शेवटच्या महिन्यात खुर्च्या घेत सुटला. आता नियामक मंडळ म्हणतं, 'दोन्ही पद्धती एकत्र करा.' म्हणजे नेमकं काय करायचं? आधी आकडा सांगायचा की आधी मागणी ऐकायची? आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात काय?

उत्तर

सुरुवात आकड्यानेही करू नका आणि मागणीनेही नको. त्याआधी एक तक्ता तयार करा, जो तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही. आज जे चालू आहे तेच, नवं काहीही न करता, पुढच्या वर्षी चालू ठेवायला किती पैसे लागतील, एवढंच त्यात असतं. त्याला आपण पायाभूत खर्च म्हणू. 'दोन्ही पद्धती एकत्र' हे मंडळाच्या इतिवृत्तात छान दिसतं, पण बहुतेक ठिकाणी ते फसतं ते हा तक्ता नसल्यामुळे. तो नसला की वरचा माणूस गेल्या वर्षीच्या आकड्यावर टक्के चढवतो आणि खालचा माणूस 'कापणारच आहेत, तर वाढवूनच मागू' म्हणतो. दोघं दोन वेगळ्या कागदांवर बोट ठेवून भांडत राहतात.

मंडळ आणि संचालक यांना उत्पन्न किती येणार, कोणतं अनुदान थांबणार, पुढच्या तीन वर्षांत संस्था कुठे न्यायची आहे, हे ठाऊक असतं. विभागप्रमुखाला लिफ्टच्या देखभालीची हमी कधी संपते आणि कोणता शिक्षक सत्राच्या मध्यावर निवृत्त होतो, हे ठाऊक असतं. एकूण किती खर्चायचं हे खालून ठरू शकत नाही, कारण प्रत्येक विभागाला फक्त स्वतःची गरज दिसते आणि सगळ्या खऱ्या गरजांची बेरीजही उत्पन्नापेक्षा जास्तच असते. त्या पैशांत काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे वरून ठरू शकत नाही, कारण वरच्याला ते नीट दिसतच नाही. म्हणजे रक्कम वरून ठरावी आणि तिच्या आतला तपशील खालून यावा. पायाभूत तक्ता या दोघांच्या मधला दुवा आहे. त्यातले आकडे खालून येतात, पण नियम वरून ठरतात.

स्वीडनने हे देशाच्या पातळीवर करून दाखवलं आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे मोठं आर्थिक संकट आलं आणि सरकारची तूट प्रचंड वाढली. तोवर तिथल्या संसदेत खर्चाच्या बाबी एकेक करून मंजूर होत आणि बेरीज येईल ती येईल, असा कारभार होता. सुधारणेनंतर क्रमच बदलला. आधी एकूण खर्चाची कमाल मर्यादा, मग तिची २७ खर्चक्षेत्रांत वाटणी, आणि त्यानंतर एकेका क्षेत्राच्या आतल्या बाबींवर चर्चा. एखाद्या बाबीला वाढवून हवं असेल तर त्याच क्षेत्रातली दुसरी कमी करून दाखवायची. १९९७ पासून या मर्यादा लागू झाल्या. त्या काही वर्षं आधीच ठरतात आणि त्यांच्या खाली थोडी मोकळी जागा मुद्दाम राखली जाते. तुमच्यासारख्या संस्थेने यातून घ्यायचा तो हा क्रम आणि ही राखलेली जागा. २७ क्षेत्रांच्या नादी लागू नका, तुम्हाला चार-पाच विभाग पुरेत.

आता पायाभूत तक्ता कसा करायचा ते अध्यापन विभागावर दाखवते. आकडे कल्पित आहेत, सगळे लाखांत.

समजा चालू वर्षाची मंजूर तरतूद ४६८ आहे. त्यातले १२ हे वर्गांतले फळे, प्रोजेक्टर आणि बाक यांसाठी होते. ती खरेदी झाली, पुढच्या वर्षी ती पुन्हा होणार नाही, म्हणून ते वजा. उरले ४५६. मग रिक्त पदं बघा. पाच पदांचा पूर्ण वर्षाचा पगार, ३०, तरतुदीत धरला आहे, पण भरतीची आजची गती पाहता ती माणसं पुढच्या वर्षाच्या मध्याआधी रुजू होणार नाहीत. म्हणून त्यातले १५ वजा, उरले ४४१. उलट दिशेने, चालू वर्षात दोन शिक्षक वर्षाच्या मध्यावर रुजू झाले. त्यांचा पगार यंदा अर्ध्याच वर्षाचा पडला, पुढच्या वर्षी पूर्ण पडेल. हे ६ मिळवा, ४४७ झाले. वेतनवाढ आणि महागाई भत्ता मिळून साधारण २०, म्हणजे ४६७. परीक्षेच्या छपाईचा करार वाढीव दराने झाला आहे, त्याचे ३. आकडा आला ४७०.

चालू वर्षापेक्षा फक्त २ जास्त! वेतनवाढच २० ची असूनही. ५ टक्क्यांची सरसकट वाढ दिली असती तर विभागाला ४९१ मिळाले असते. म्हणजे गरज नसलेले २१ त्यांच्या खात्यावर पडून राहिले असते. वर्षाच्या शेवटच्या महिन्यातल्या खुर्च्या याच पैशांतून येतात.

आता इमारत विभाग. चालू तरतूद ११८. नवी इमारत वर्षाच्या मध्यातच ताब्यात आली, तिची वीज पुढच्या वर्षी बाराही महिने लागेल. लिफ्ट आणि अग्निशमन यंत्रणेची हमी संपली, आता देखभालीचे पैसे मोजावे लागतील. सुरक्षारक्षकांच्या कंत्राटाचा दर वाढला. हे सगळं धरून पायाभूत खर्च येतो १३०. ५ टक्के वाढीत मिळाले असते १२४. या विभागप्रमुखाने कितीही काटकसर केली असती तरी पैसे वर्षअखेरपर्यंत पुरले नसते. तुमचा आठवा महिना बहुधा असाच उगवला असेल.

हा तक्ता लेखा विभागाने करायचा आणि विभागप्रमुखाने तपासून सही करायची. नेमका उलटा क्रम बहुतेक संस्थांत असतो आणि तिथेच घोळ होतो. विभागाने तक्ता केला तर तो मागणीपत्रक होतो. लेखा विभागाने केला तर तो हिशेब राहतो, आणि विभागप्रमुखाला फक्त 'हा आकडा चुकला, हा करार बघा' एवढंच म्हणता येतं. प्रत्येक बदलासमोर कारण आणि कागद असला पाहिजे, मग तो करार असो, बिल असो वा रुजू झाल्याची तारीख. कारण नसलेला बदल तक्त्यात येत नाही.

एक बैठक शब्दशः सांगते, म्हणजे या तपासणीचा सूर कळेल. इमारत विभागप्रमुख म्हणतात, "नव्या इमारतीला विजेचे १० लाख धरा." लेखाधिकारी विचारतात, "यंदा ती किती महिने चालू होती?" "सात." "त्या सात महिन्यांचं बिल?" "४.२." मग बारा महिन्यांचे झाले ७.२. "पण पुढच्या वर्षी प्रयोगशाळा तिथे हलवायची आहे, यंत्रं जास्त वीज खातील." हे बरोबर आहे, पण प्रयोगशाळा हलवणं हा अजून न झालेला निर्णय आहे. तेव्हा ७.२ पायाभूत तक्त्यात आणि उरलेलं प्रयोगशाळा हलवण्याच्या प्रस्तावात, त्याच्या इतर खर्चासोबत. विभागप्रमुखाला खोटं पाडायची गरज नाही. आकडा योग्य कागदावर नेऊन ठेवला की काम झालं.

चारही विभागांचा पायाभूत खर्च समजा ८९० आला. आता वरचं काम सुरू होतं. पुढच्या वर्षीचं उत्पन्न १,००० धरलं आहे. फीचा अंदाज प्रवेशाच्या आकड्यावरून आणि सावधपणे केलेला, अनुदान लेखी हमी असेल तेवढंच. त्यातून ४० मोठ्या दुरुस्तीच्या निधीत जातात आणि २० आकस्मिक खर्चासाठी बाजूला राहतात. खर्चायला उरतात ९४०. म्हणजे जे आहे ते चालू ठेवून ५० मोकळे आहेत. (विशिष्ट कामासाठीच मिळालेली अनुदानं या सगळ्या हिशेबाच्या बाहेर, वेगळ्या पानावर ठेवा. ती मर्यादेत मिसळली की विभाग आपले हक्काचे पैसे कापले म्हणून ओरडतात, आणि त्यांचं ओरडणं रास्त असतं.)

हे ५० लगेच वाटून टाकायचा मोह होईल. तो आवरा. उलट विभागांकडून थोडी बचत मागा, साधारण २ टक्के, आणि ती पायाभूत खर्चातून आधीच वजा करा. उरेल ती त्या विभागाची मर्यादा.

| विभाग | पायाभूत खर्च | बचत | मर्यादा |
|---|---|---|---|
| अध्यापन | ४७० | १० | ४६० |
| संशोधन व प्रयोगशाळा | १५० | ३ | १४७ |
| इमारत व देखभाल | १३० | ३ | १२७ |
| प्रशासन | १४० | ४ | १३६ |
| एकूण | ८९० | २० | ८७० |

९४० वजा ८७०, असे ७० संचालकांच्या हातात राहिले. नवीन कामाचे पैसे हे आणि एवढेच. ही विभागणी या पद्धतीचा कणा आहे. जुनं चालवायचा पैसा मर्यादेत, नवं करायचा पैसा मध्यवर्ती राशीत. विभागाला नवं काही हवं असेल तर त्याला दुसऱ्या विभागांच्या प्रस्तावांशी स्पर्धा करावी लागते, गेल्या वर्षीच्या तरतुदीत लपवून आणता येत नाही. आणि ज्या विभागाला नवं काही सुचत नाही त्याची मर्यादाही सुरक्षित राहते. नवीन कल्पना मांडण्यात वाकबगार असलेल्या विभागप्रमुखासमोर इतरांचा चालू खर्च गिळला जाऊ नये, हाही यातला एक हेतू आहे.

विभागांना जाणाऱ्या पत्रात मग दोन गोष्टी मागायच्या. पहिली, मर्यादेच्या आतलं अंदाजपत्रक. बचत कुठून करणार ते त्यांनी सांगायचं, तुम्ही नाही. लेखाशीर्षांमध्ये पैसे इकडचे तिकडे करायची त्यांना मोकळीक, कारण खालून वर जाणाऱ्या पद्धतीचा खरा फायदा इथेच मिळतो. दुसरी, मर्यादेबाहेरचे नवे प्रस्ताव, जास्तीत जास्त तीन, पसंतीक्रम लावून. क्रम न लावता आलेले प्रस्ताव परत पाठवा. क्रम लावण्याची कटकट विभागाने घेतली नाही तर ती संचालकांवर येते, आणि संचालकांकडे ते ठरवण्याइतकी माहिती नसते.

प्रस्तावाच्या कागदावर तीन वर्षांचे रकाने हवेतच. नव्या अभ्यासक्रमाचं उदाहरण घ्या. तो वर्षाच्या मध्यावर सुरू होणार म्हणून पहिल्या वर्षी खर्च १८. दुसऱ्या वर्षापासून पूर्ण ३६. फी मात्र दुसऱ्या वर्षापासून २२. एकाच वर्षाचा रकाना असता तर मंडळाने १८ चा प्रस्ताव म्हणून हसत मंजूर केला असता. नवे प्रस्ताव मुद्दाम वर्षाच्या उत्तरार्धात सुरू करून पहिला आकडा लहान दाखवणं ही जुनी युक्ती आहे. कधी कधी ती मुद्दाम नसतेही, भरतीला वेळ लागतो एवढंच. हेतू काहीही असो, पुढच्या वर्षी पैसे लागतातच.

समजा प्रस्ताव १६५ चे आले आणि छाननीनंतर चार निवडले. अभ्यासक्रम १८, प्रयोगशाळेचं उपकरण २५, छताची गळती १५, प्रवेशाचं सॉफ्टवेअर ८. बेरीज ६६, आणि ४ हातात राहिले. आता दुसऱ्या वर्षाचा रकाना जोडा. अभ्यासक्रम ३६, उपकरणाची देखभाल २, सॉफ्टवेअरची वार्षिक फी ३, मिळून ४१. पुढच्या वर्षीचा पायाभूत तक्ता आजच ४१ ने वाढला. समोर फी २२, म्हणजे १९ चा नक्त भार. हे परवडतं. पण तेच ७० जर सगळे अर्ध्या वर्षासाठीच्या नव्या पदांवर घातले असते तर पुढच्या वर्षी १४० लागले असते आणि मोकळे ५० कुठल्या कुठे गेले असते. म्हणून निवडताना आवर्ती आणि अनावर्ती खर्चाची सरमिसळ होऊ देऊ नका. माझ्या मते उत्पन्नाचा भरवसा कमी असेल त्या वर्षी मध्यवर्ती राशीतला निम्म्याहून जास्त भाग एकदाच होणाऱ्या खर्चावर घालावा. वरच्या उदाहरणात ६६ पैकी उपकरण, छत आणि सॉफ्टवेअर मिळून ४८ तसे आहेत.

महिने मोजताना आर्थिक वर्षाचा पहिला महिना तो १ धरा, वर्ष कुठूनही सुरू होवो. चौथ्या महिन्यात पायाभूत तक्त्याचं काम काढा. तोवर मागच्या वर्षाचे हिशेब बंद झालेले असतात आणि प्रत्यक्ष खर्च हाताशी असतो. सहाव्या महिन्यात सहामाही आढावा येतो. चालू वर्षाचे सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाच्या मर्यादा एकाच बैठकीत ठरवा, कारण दोन्हींना लागणारी माहिती एकच आहे आणि दोन वेगळ्या बैठका घेतल्या की आकडे हटकून वेगळे निघतात. त्या बैठकीनंतर आठवड्याभरात मर्यादेचं पत्र विभागांना जायला हवं. सातवा आणि आठवा महिना विभागांचा. यातले निदान सहा आठवडे त्यांना द्या. दहा दिवसांत उत्तर मागवलं तर विभाग गेल्या वर्षीची फाइल उघडून आकडे बदलेल आणि परत पाठवेल. नवव्या महिन्यात विभागवार बैठका. दहाव्यात ताळमेळ आणि नव्या प्रस्तावांची निवड. अकराव्यात मंडळाची मंजुरी. बाराव्यात प्रत्येक विभागाला मंजूर तरतुदीचं पत्र, म्हणजे नवं वर्ष उजाडताना पैसे कुठे आहेत हे विचारत फिरायची वेळ येत नाही.

दहाव्या महिन्यात सगळ्यांत जास्त ताण येतो. विभाग म्हणतील, मर्यादा अपुरी आहे. मर्यादा बदलण्याची कारणं फक्त तीन ठेवा आणि ती सहाव्या महिन्याच्या पत्रातच छापा. पायाभूत तक्त्यात हिशेबाची चूक सापडली, संस्थेच्या धोरणात बदल झाला, किंवा उत्पन्नाचा अंदाज बदलला. 'आमचं काम महत्त्वाचं आहे' हे चौथं कारण नाही, ते नव्या प्रस्तावाच्या कागदावर लिहायचं. आणि हा नियम वरच्यांनाही लागू आहे. अकराव्या महिन्यात एखाद्या विश्वस्तांनी फोन करून एका विभागाला ५ वाढवून दिले, तर पुढच्या वर्षी सगळे विभाग मर्यादेचं पत्र बाजूला ठेवून फोनच करतील. एका सवलतीने मर्यादेचा पुढच्या तीन वर्षांचा धाक जातो.

बचतीच्या रकान्यातला एक डाव ओळखून ठेवा. विभागाला १० वाचवायला सांगितलं की तो सगळ्यांत जिव्हाळ्याची गोष्ट पुढे करतो: 'ठीक आहे, ग्रंथालय संध्याकाळी बंद ठेवू.' लोक भडकतील आणि बचत मागे घ्यावी लागेल, हा हिशेब. अमेरिकेत या डावाला वॉशिंग्टन स्मारकाचं नाव चिकटलं आहे, कारण निधी कापला की लोकांना सगळ्यांत प्रिय असलेली जागाच आधी बंद करायची धमकी दिली जाते. यावर उपाय साधा आहे. बचतीचे दोन पर्याय मागा, आणि दोन्हींसमोर 'याचा फटका कोणाला बसेल' हे एका ओळीत लिहून घ्या. पाच वर्षं कोणी न उघडलेल्या नियतकालिकांची वर्गणी त्याच विभागात चालू असेल तर ती पायाभूत तक्त्यावर काम करताना तुम्हाला दिसलेलीच असते, आणि बैठकीत तिचा उल्लेख पुरतो.

पद्धत खरोखर बसते आहे की फक्त कागदं वाढली आहेत, हे तपासायला दोन खुणा आहेत. विभागाचं अंदाजपत्रक मर्यादेच्या अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळत असेल आणि आतल्या प्रत्येक लेखाशीर्षात सारखाच टक्का चढला असेल, तर विभागात कोणी बसून विचार केलेला नाही. एकट्या कारकुनाने गुणाकार केला आहे. परत पाठवा. दुसरी खूण मागणी, मंजुरी आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या तीन वर्षांच्या तुलनेत मिळते. एखादा विभाग दर वर्षी प्रत्यक्ष खर्चाच्या सव्वापट मागत असेल आणि दर वर्षी तेवढंच कापून मिळत असेल, तर फुगवणं आणि कापणं ही दोघांनी मिळून पाळलेली रीत झाली आहे. अशा विभागाला दोष देत बसू नका. प्रामाणिकपणे मागणाऱ्याचेही तितकेच टक्के कापले जात असतील तर फुगवणारा शहाणा आहे. मर्यादा आधी कळली की फुगवण्यात अर्थ उरत नाही, आणि हा फरक साधारण दुसऱ्या वर्षी दिसू लागतो, पहिल्या वर्षी नाही. पहिल्या वर्षी विभागांचा तुमच्यावर विश्वास नसतो.

वर्षभरात पैसे एका लेखाशीर्षातून दुसऱ्यात न्यायला विभागप्रमुखाला काही मर्यादेपर्यंत स्वतःच्या सहीने मुभा द्या, अन्यथा 'तुमच्या मर्यादेत तुम्ही ठरवा' हे नुसतं बोलण्यापुरतं राहतं. मात्र दोन दारं बंद ठेवा. पगारातून वाचलेले पैसे इतरत्र वळवायचे तर संचालकांची मंजुरी लागेल, कारण रिक्त पदं मुद्दाम रिकामी ठेवून खरेदी करायची सवय लागते. आणि एकदाच होणाऱ्या खर्चाची शिल्लक आवर्ती खर्चावर कधीच वळवायची नाही.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. तुमच्या खर्चातला ८० टक्के भाग पगारात जात असेल तर खालून वर येणारी सगळी चर्चा उरलेल्या २० टक्क्यांवरच होते. अशा वेळी पदांची संख्या हाच खरा निर्णय आहे आणि तो तीन वर्षांच्या नजरेने मंडळातच व्हावा. वर्षाच्या मध्यात अनुदान अचानक थांबलं तर हे चक्र उपयोगी नाही. तेव्हा निर्णय वरूनच आणि लवकर घ्यावा लागतो, फक्त तो सरसकट टक्क्यांनी न घेता नव्या प्रस्तावांपैकी सुरू न झालेले आधी थांबवून घ्यायचा. चारच माणसांची संस्था असेल तर मर्यादेची पत्रं काढत बसू नये, एका टेबलाभोवती बसून तक्ता करावा.

पहिल्याच वर्षी सगळं जमणार नाही, तेव्हा काय सोडायचं ते सांगते. बचतीचा रकाना सोडा. पहिल्या वर्षी मर्यादा म्हणजे पायाभूत खर्चच ठेवा, मध्यवर्ती राशी ७० ऐवजी ५० ची राहील. विभागांशी दोन भांडणं एकाच वेळी काढू नका, आणि त्यांना आपल्या तक्त्यातले आकडे खरे असल्याची खात्री पटू द्या. तीन वर्षांचे रकाने मात्र सोडू नका, आणि सहाव्या महिन्यातली बैठकही नाही. पायाभूत तक्ता सुरुवातीला अध्यापन आणि इमारत या दोनच विभागांचा बारकाईने करा. बाकी दोघांचा चालू तरतुदीतून एकदाच झालेला खर्च वजा करून आणि ठाऊक असलेल्या दरवाढी मिळवून ढोबळ काढला तरी पहिल्या फेरीला चालेल. तुमचं वर्ष नुकतंच सुरू झालं असेल तर चौथ्या महिन्यापर्यंत एवढंच करा. पदांची यादी मागवा, प्रत्येक पदापुढे रुजू झाल्याची तारीख किंवा 'रिक्त' असं लिहून. सगळे चालू करारही गोळा करा, त्यांच्या संपण्याच्या तारखांसह. ही दोन पानं हाती आली की पायाभूत तक्त्याचा मोठा भाग तुमच्यासमोर तयार असेल.